आधी फोन, मग लॅपटॉप: मुदतीचा आणि घसाऱ्याचा हिशोब

"फोन साडेतीन वर्षांचा आहे, १६ हजारांना घेतलेला, अजून छान चालतो. फक्त Android security update समोरची तारीख वर्षभर बदललेली नाही. लॅपटॉप सहा वर्षांचा, आय-थ्री दहाव्या पिढीचा, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. सुरू व्हायलाच चार मिनिटं घेतो, बॅटरी वीस मिनिटं टिकते. घरी बसून दोन-तीन दुकानांचे हिशोब लिहितो. दुकानदार म्हणतो एसएसडी, रॅम आणि बॅटरी मिळून ९ हजार होतील. हातात १२ हजार आहेत, महिन्याला अडीच हजार बाजूला पडतात. नवीन लॅपटॉप हप्त्यावर घेऊ का? आणि एकूणच ही यंत्रं किती वर्षं वापरावीत?"

लॅपटॉप ठेवा, बदलायचा आहे तो फोन. तोही आज नाही, सहा महिन्यांनी. उलटं वाटेल, कारण त्रास लॅपटॉप देतोय आणि फोन बिचारा गुमान चालतोय. पण यंत्र हळू होणं आणि यंत्राची मुदत संपणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सांगलीत अठरा वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवतोय, आणि माझ्या काउंटरवर येणारी निम्मी माणसं याच दोन गोष्टींत गल्लत करतात. हळू झालेलं यंत्र फेकतात आणि मुदत संपलेलं खिशात घेऊन फिरतात.

फोनची मुदत ठरते कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षं देते यावर. तुम्ही ती तारीख पाहिलीत हे उत्तम केलंत, बरेच जण Android version बघतात आणि समाधान मानतात. महत्त्वाची आहे ती security update ची तारीख. कंपन्या स्वस्त फोनला दर महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांनी अपडेट देतात, त्यामुळे तारीख तीन महिने जुनी दिसली तर घाबरायचं कारण नाही. वर्षभर हललीच नाही म्हणजे मात्र कंपनीने त्या मॉडेलवरचा हात काढून घेतलाय. त्यानंतर अँड्रॉइडमध्ये जी नवी भगदाडं सापडतील ती तुमच्या फोनमध्ये तशीच उघडी राहणार.

म्हणून उद्या सकाळी पैसे जातील असं नाही. माझ्याकडे फसवणूक होऊन येणारी बहुतेक माणसं अपडेटअभावी फसलेली नसतात. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल त्यांनी स्वतः बसवलेली असते, आणि ती नव्याकोऱ्या फोनलाही खाते. पण अपडेट बंद झालेल्या फोनचा धोका महिन्यागणिक वाढत जातो, कमी कधी होत नाही. तुमच्याकडे तर दुसऱ्यांच्या दुकानांचे हिशोब आहेत. म्हणून सहा महिन्यांची मुदत धरा. तोवर त्या फोनवरच्या यूपीआयला मुख्य खातं न जोडता चार-पाच हजार शिल्लक असलेलं दुसरं खातं जोडा, प्ले स्टोअरच्या बाहेरचं काही बसवू नका, आणि गिऱ्हाइकांच्या फायली त्यावर साठवू नका.

नवीन फोन घेताना विक्रेत्याला कॅमेऱ्याआधी एकच विचारा: या मॉडेलला सुरक्षा अपडेट किती वर्षं, आणि ती वर्षं कुठून मोजायची? दुसरा अर्धा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलंय, पण ती वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. एस२४ आला जानेवारी २०२४ मध्ये. तोच फोन दोन वर्षांनी सेलमध्ये स्वस्त मिळाला, तर तुम्ही पाचच वर्षं विकत घेताय. स्वस्ताईचा अर्धा भाग तिथेच आहे. मध्यम किमतीतही आता चांगली वचनं मिळतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या गॅलेक्सी ए१६ फाइव्ह-जीला सहा वर्षं आहेत, आणि तो आला तेव्हा १९ हजारांच्या आत होता. उलट त्याच किमतीत दोन-तीन वर्षांत अंग काढून घेणारे फोनही दुकानात शेजारीच ठेवलेले असतात, आणि काचेतून दोन्ही सारखेच चमकतात.

आता "किती वर्षं" याचं उत्तर पैशांत काढू. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. पट्टा बदलला की ते भिंतीवर खडूने तारीख लिहायचे आणि रोज गल्ल्यातून दोन रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे, "पट्ट्याचे" म्हणून. पट्टा तुटायचा त्या दिवशी डबा उघडायचा, उधारी व्हायची नाही. हिशोबाची कामं तुम्हीच करता, तेव्हा घसारा तुम्हाला मी काय शिकवणार. पण गिऱ्हाइकाच्या ताळेबंदात घसारा लिहिणारा माणूस स्वतःच्या लॅपटॉपचा घसारा कधी धरत नाही, हे मी पाहिलंय.

किमतीत दुरुस्तीचा खर्च मिळवा, शेवटी विकून येणारे पैसे वजा करा, आणि वापरलेल्या महिन्यांनी भागा. तेवढा त्या यंत्राचा महिन्याचा घसारा.

तुमचा १६ हजारांचा फोन दोन वर्षांनी विकला असता तर समजा ६ हजार आले असते. घसारा महिन्याला ४१७ रुपये. तीन वर्षांनी ४ हजारांना विकला असता तर ३३३. पाच वर्षं ठेवून मधे दीड हजाराची बॅटरी टाकली आणि शेवटी हजारच आले, तर २७५. म्हणजे दोनावरून तीन वर्षांवर गेल्याने महिन्याला ८४ रुपये वाचतात, आणि पुढची दोन वर्षं ओढून ५८. जितकं ताणावं तितका फायदा बारीक होत जातो. त्यामुळे अपडेट संपल्यावर "अजून चालतोय" म्हणून स्वस्त फोन ओढण्यात पैसे जवळजवळ वाचत नाहीत, धोका तेवढा वाढतो. अपडेट चालू असताना मात्र बदलू नका.

महागडा घेऊन जास्त वर्षं वापरावा का, हेही बरेच जण विचारतात. ३० हजारांचा फोन सहा वर्षं वापरला, मधे ३ हजारांची बॅटरी घातली आणि शेवटी अडीच हजार आले, तर महिन्याला ४२४. १८ हजारांचा, पण पाच वर्षं अपडेट मिळणारा फोन घेतला, २ हजारांची बॅटरी घातली आणि शेवटी हजार आले, तर ३१७. महाग फोन कॅमेऱ्यासाठी, हौसेसाठी जरूर घ्या, पण "जास्त टिकतो म्हणून स्वस्त पडतो" ही स्वतःची समजूत काढू नका. शिवाय महाग फोनची काच फुटली की तिचं बिलही महागच येतं, ते या हिशोबात मी धरलेलं नाही. तेव्हा तुमच्यासाठी १८ हजारांच्या आसपासचा, लांब वचनाचा फोन धरून पुढे जातो.

लॅपटॉपचं वेगळं. तुमचा दहाव्या पिढीचा आहे, म्हणजे त्याची मुदत अजून उरलीय. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यात तुमचा बसतो आणि अपग्रेडला पैसे पडत नाहीत. सातव्या पिढीचा असता तर मी तुम्हाला ९ हजार घालू दिले नसते. आडवाटेने विंडोज ११ त्यावरही घालून देणारे आहेत, पण असं घातलेल्या यंत्राला पुढचे अपडेट मिळतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

चार मिनिटं लागतात ती प्रोसेसर म्हातारा झाला म्हणून नाही. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई पुढे-मागे सरकत वाचत असते. विंडोजला सुरू होताना हजारो बारीक फायली लागतात, त्या तबकडीवर विखुरलेल्या असतात, आणि सुईची नुसती धावपळ होते. एसएसडीत हलणारं काहीच नाही. खात्री करायची असेल तर लॅपटॉप सुरू झाल्यावर Ctrl+Shift+Esc दाबा, Performance मध्ये जा आणि Disk बघा. तो आकडा बराच वेळ 100% ला चिकटून राहिला, तर दोषी हार्ड डिस्क. Memory सुद्धा ९० च्या वर असेल तर रॅम कमी पडतेय, आणि ४ जीबीवर ती पडणारच. उलट दोन्ही निवांत आणि CPU तेवढा तापलेला दिसला, तर पंख्यातली धूळ किंवा मागे चालणारं भलतंच काही, तिथे एसएसडी घालून उपयोग नाही.

बॅटरीची तब्येत लॅपटॉपच सांगतो. Command Prompt उघडून हे टाका:

```
powercfg /batteryreport
```

एक HTML फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली ते तिथेच दिसतं. त्यात DESIGN CAPACITY म्हणजे नवी असताना किती, आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आता पूर्ण भरल्यावर किती. दुसऱ्याला पहिल्याने भागा. वीस मिनिटं टिकते म्हणताय त्या अर्थी तीसेक टक्क्यांच्या आसपास असेल. घरी कायम चार्जर लावून काम करणाऱ्याला हे चालूनही जातं, पण लाइट जाते त्या क्षणी हिशोबाची फाइल उघडी असेल तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा खालचं कव्हर फुगून फट पडली, तर मात्र चर्चा नको. चार्जिंग बंद करा आणि बॅटरी काढून घ्यायला आणा. फुगलेली बॅटरी घरी टोचायची नाही, दाबून बसवायची नाही.

आता ९ हजार घालावेत का? नव्या लॅपटॉपच्या घसाऱ्याशी ताडून बघा. ५० हजारांचा नवा लॅपटॉप सहा वर्षं वापरला, मधे ३ हजारांची बॅटरी, शेवटी ५ हजार आले. ४८ हजार भागिले ७२ महिने, म्हणजे महिन्याला ६६७ रुपये. ९ हजार भागिले ६६७, साडेतेरा. म्हणजे दुरुस्तीनंतर तुमचा लॅपटॉप चौदा महिने नीट चालला तरी पैसे वसूल, त्यापुढचा प्रत्येक महिना नफा. एसएसडी-रॅम घातलेला असा लॅपटॉप दोन-अडीच वर्षं सहज काढतो.

पण सहज काढतो ते बाकीचं अंग धड असेल तर. पैसे देण्याआधी झाकण दहा वेळा उघडझाप करून बिजागरीचा कडकड आवाज येतो का बघा. चार्जरची पिन हलवल्यावर चार्जिंग तुटतं का, पडद्यावर रेघ आहे का, तासभर कामानंतर आपोआप बंद पडतो का, तेही बघा. कधी चहा-पाणी सांडलं असेल तर ते दुकानदाराला खरं सांगा. गिऱ्हाईक ही एक गोष्ट डॉक्टरपासून कुपथ्य लपवावं तशी लपवतं. यांतलं काही निघालं तर ९ हजार घालू नका. मदरबोर्डच्या दुरुस्तीला तर मी हा भागाकार कठोरपणे लावतो. आमच्या धंद्यात बोर्डाच्या कामावर हमी साधारण तीन महिन्यांची असते, आणि ती तेवढीच का असते हे आम्हाला माहीत असतं. ८ हजारांचं बोर्डकाम सहाच महिने टिकलं तर महिन्याला १,३३३ पडले, नव्याच्या दुप्पट. सुरुवातीच्या वर्षांत मी एका शिक्षकांचा एकच बोर्ड तीनदा दुरुस्त करून दिला. प्रत्येक वेळी "एवढ्याने भागेल" म्हणालो, आणि तिन्ही बिलं मिळून जुन्या बाजारात दुसरा लॅपटॉप आला असता. त्यानंतर मी हा भागाकार गिऱ्हाइकासमोर करतो.

दुकानदाराला दोन गोष्टी विचारून घ्या. रॅम घालायला मोकळी खाच आहे का, कारण काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच झाळलेली असते आणि वाढवता येत नाही. आणि जुनी हार्ड डिस्क परत मागा. महिनाभर ती तशीच कपाटात ठेवा, एखादी फाइल राहिली असेल तर तिथे सापडेल. मग दोनेकशे-चारशेच्या यूएसबी डबीत घालून तिचा बॅकअपसाठी वापर करा. एसएसडीचे पैसे वाया जात नाहीत, पुढचा लॅपटॉप आला की तीही अशीच डबीत जाते. रॅमचं तसं नाही, नव्या लॅपटॉपला बहुधा पुढच्या पिढीची लागते.

आता तुमचे १२ हजार आणि महिन्याचे अडीच हजार मांडू. ९ हजार लॅपटॉपला गेले, ३ हजार उरले. सहा महिने अडीच हजारांप्रमाणे १५ हजार. दोन्ही मिळून १८ हजार, तुमचा फोन रोख आला. जुन्या फोनचे हजार-दीड हजार येतील, त्यात कव्हर आणि काच. सातव्या महिन्यापासून अडीच हजारांतले ३०० नव्या फोनच्या घसाऱ्याचे आणि २,२०० लॅपटॉपचे. दोन वर्षांत लॅपटॉपच्या खात्यात ५२,८०० जमतात. म्हणजे आजपासून अडीच वर्षांनी नवा लॅपटॉप, हप्त्याशिवाय. लॅपटॉप तोवर साडेआठ वर्षांचा होईल, आणि त्या सुमाराला तो खरंच थकलेला असेल.

मधेच दीड वर्षांनी गेला तर? बारा हप्त्यांचे २६,४०० हातात असतील. त्यात कार्यालयांतून निघालेला, व्यवस्थित तपासलेला जुना लॅपटॉप येतो, आणि हिशोबाच्या कामाला तो कमी पडत नाही. फक्त आठव्या पिढीची अट तिथेही सोडू नका. २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरानंतर माझ्या दुकानात पाण्यात गेलेल्या लॅपटॉपांची रांग लागली होती, त्यांतले कित्येक वर्षभरही जुने नव्हते. म्हणून यंत्र नवं असलं तरी डबा पहिल्या महिन्यापासून सुरू हवा, "अजून पाच वर्षं आहेत" म्हणून थांबायचं नाही.

पैसे ठेवायचे कुठे? पहिले सहा महिने वेगळ्या बचत खात्यात पुरे. सातव्या महिन्यापासून लॅपटॉपचे २,२०० बँकेच्या आवर्ती ठेवीत, मुदत २४ महिने, आणि हप्ता पैसे हातात येतात त्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापला जाईल असा लावा. दोन वर्षांत तीन-साडेतीन हजार व्याज होईल. त्याला कमाई समजू नका, तोवर लॅपटॉपची किंमत तेवढी वाढलेली असते. पोस्टाची आवर्ती ठेव चांगली आहे, पण या कामाची नाही: तिची मुदत पाच वर्षं, तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, आणि त्यानंतर मोडली तर व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. पतसंस्थेत ठेवणार असाल तर एवढं लक्षात घ्या, की बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. आणि भिशी? ओळखीची असली तरी तिचा नंबर चिठ्ठीने लागतो, आणि लॅपटॉप चिठ्ठी बघून बंद पडत नाही.

हप्त्यावर घ्यायला माझा तत्त्व म्हणून विरोध नाही. बिनव्याजी म्हणतात त्या हप्त्यातही व्याज असतं. तेवढी सूट किमतीत दाखवतात, पण क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याकडून घेतात. १८ हजारांच्या फोनवर सगळं मिळून तीन-चारशे रुपये जातील, तेवढ्याने कुणी बुडत नाही. रोखीवर दुकानदार जे कमी करतो ते जातं, ते वेगळं. खरा घोटाळा पुढे होतो. बारा हप्ते संपले की माणूस सुटल्यासारखा मोकळा होतो, यंत्र पुढे तीन-चार वर्षं चालतं, त्या काळात एक रुपया बाजूला पडत नाही, आणि बंद पडलं की पुन्हा हप्ता. अगदीच अडलं आणि हप्त्यावर घ्यावं लागलं, तर शेवटचा हप्ता गेला त्याच्या पुढच्या महिन्यात तेवढ्याच रकमेची आवर्ती ठेव सुरू करा. घरात कुणाला फरकही जाणवणार नाही.

आणि महिन्याचे अडीच हजार कायमचे जाणार या विचाराने धास्तावू नका. हे मागची साडेतीन आणि सहा वर्षं डबा रिकामा राहिला त्याची भरपाई आहे. अडीच वर्षांनी दोन्ही यंत्रं नवी झाली, की फोनचे ३१७ आणि लॅपटॉपचे ६६७, म्हणजे महिन्याला हजार रुपये एवढाच तुमचा घसारा उरतो. नवा फोन घ्याल त्या दिवशी बिलाच्या मागे त्याची अपडेट संपण्याची तारीख लिहून ठेवा. पुढचा फोन कधी लागणार ते तिथेच कळेल.